चढत्या रेषेचा वेग आपण ठरवायचा नसतो

बातम्यांच्या चॅनेलवर येतो तसा हलता आलेख आपल्या व्हिडिओत कसा आणायचा, हा प्रश्न हल्ली प्रत्येक बॅचमध्ये येतो. गडद निळी पार्श्वभूमी, खालून एकेक करत उगवणारे बार, मग डावीकडून उजवीकडे सरसर चढत जाणारी रेष आणि तिच्या टोकाला चमकणारा ठिपका. कुणाला तो डीलरच्या मीटिंगमध्ये दाखवायचा असतो, कुणाला स्वतःच्या धंद्याबद्दलच्या एक्स्प्लेनर व्हिडिओत. करायला फार अवघड नाही. घरच्या लॅपटॉपवर, साध्या पॉवरपॉइंटमध्येसुद्धा होतो.

पण तो करताना एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते, आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे. हलणाऱ्या आलेखात वेग हासुद्धा एक आकडाच असतो. कागदावरच्या आलेखात माणूस उंची बघतो, पुन्हा बघतो, बाजूचे आकडे वाचतो. व्हिडिओत त्याला तेवढा वेळ मिळत नाही. रेष कुठे दमली, कुठे झेपावली, हे त्याच्या डोळ्यांना आधी कळतं, आकडा नंतर. म्हणजे तुम्ही रेष कुठे हळू आणि कुठे जोरात चालवता, त्यावर त्याचं मत बनतं. आणि बाजारात मिळणारी बहुतेक टेम्प्लेट्स हा वेग आकड्यांवरून ठरवत नाहीत, 'मस्त दिसतं' एवढ्यावरून ठरवतात.

हे नुसतं बोलून पटणार नाही. एक खरं उदाहरण घेऊ आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघू.

विषय: यूपीआय

तुमच्या-माझ्या गल्ल्यावर रोज दिसणारी गोष्ट. एनपीसीआय म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये यूपीआय आणलं, आणि त्याचे दर महिन्याचे आकडे ते स्वतःच्या वेबसाइटवर देतात. एप्रिल ते मार्च अशा बारा महिन्यांची बेरीज केली की आर्थिक वर्षाचा आकडा मिळतो. व्यवहारांची संख्या शंभराच्या पटीत गोळाबेरीज करून अशी येते: २०१९-२० मध्ये १,३०० कोटी, २०२०-२१ मध्ये २,२०० कोटी, २०२१-२२ मध्ये ४,६०० कोटी, २०२२-२३ मध्ये ८,४०० कोटी, २०२३-२४ मध्ये १३,१०० कोटी आणि २०२४-२५ मध्ये १८,६०० कोटी.

इथे पहिलाच खड्डा आहे. एनपीसीआयच्या तक्त्यात संख्या मिलियनमध्ये असते आणि रक्कम कोटीत. दहा मिलियन म्हणजे एक कोटी, त्यामुळे संख्येच्या आकड्याला दहाने भागायचं. घाईत एक शून्य राहिलं तर सगळे बार एकसारखे दहापट होतात, आणि त्यांचा आकार मात्र बरोबरच दिसतो. त्यामुळे डोळ्यांना चूक कळतच नाही. फ्रेममध्ये टाकण्यापूर्वी एक आकडा कॅल्क्युलेटरवर हाताने करून बघाच.

दुसरं म्हणजे चालू वर्षाचा बार काढू नका. वर्षाचे सातच महिने झाले असतील तर तो बार आधीच्यापेक्षा बुटका किंवा जेमतेम तेवढाच येईल, आणि बघणाऱ्याला वाटेल की यूपीआय घसरलं. खाली बारीक अक्षरात 'ऑक्टोबरपर्यंत' लिहून भागत नाही. मोबाईलवर ते कुणी वाचत नाही.

आता फ्रेम. आपला प्रेक्षक फोन उभा धरून बघतो, म्हणून १०८० बाय १९२० पिक्सेलची उभी फ्रेम घेऊ. खालचे साधारण ३५० पिक्सेल मोकळे सोडायचे, कारण तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. त्याच्या वर जमिनीची रेघ. आलेखाची पूर्ण उंची १,००० पिक्सेल आणि तेवढ्यात २०,००० कोटी, म्हणजे एक पिक्सेल बरोबर २० कोटी व्यवहार. मग १,३०० कोटींचा बार ६५ पिक्सेल, २,२०० चा ११०, ४,६०० चा २३०, ८,४०० चा ४२०, १३,१०० चा ६५५ आणि १८,६०० चा ९३०. बारची रुंदी १०० आणि मधलं अंतर ४० ठेवलं तर सहा बार ८०० पिक्सेलमध्ये बसतात. हा हिशेब कागदावर केलेला असला की पुढे सॉफ्टवेअर कुठलंही असो, आपल्याला फसवू शकत नाही.

बार जमिनीतूनच उगवला पाहिजे

बारचा अक्ष शून्यापासून सुरू करायचा, हे तुम्ही ऐकलेलं असेल. मी त्यापुढे जाऊन म्हणतो की, हलणाऱ्या बारमध्ये हा नियम मोडणं छापील आलेखापेक्षा जास्त वाईट आहे. छापील आलेखात निदान बाजूला '१०,०००' लिहिलेलं दिसतं, आणि शंका आली तर माणूस ते वाचतो. व्हिडिओत बार जमिनीतून वर येताना दिसतो. ती हालचालच बघणाऱ्याला सांगते की जमीन म्हणजे शून्य. आपल्या उदाहरणात शेवटचे दोनच बार घेतले आणि जमीन १०,००० वर ठेवली, तर १३,१०० चा बार ३,१०० एवढाच उगवेल आणि १८,६०० चा ८,६०० एवढा. खरी वाढ दीडपटीहूनही थोडी कमी आहे, डोळ्यांना दिसेल पावणेतीनपट.

आणि हे नेहमी मुद्दाम केलेलं असतं असंही नाही. एक्सेल आणि पॉवरपॉइंट अक्षाची सुरुवात स्वतः ठरवतात. आकडे एकमेकांच्या फार जवळ असतील तर ते शून्य सोडून देतात. समजा, तुमच्या लोणच्याच्या धंद्याची चार महिन्यांची विक्री ४.६, ४.७, ४.८ आणि ४.९ लाख आहे. चार्ट टाकलात की अक्ष साडेचार लाखांच्या आसपास सुरू झालेला दिसेल. जमीन साडेचारवर असेल, तर चौथा बार पहिल्याच्या चौपट उंच दिसतो. तुम्ही काहीच केलेलं नसतं, पण तो व्हिडिओ ज्या डीलरला पाठवाल तो हिशेबी माणूस असेल, तर पुढचं तुमचं काहीही ऐकणार नाही. उपाय साधा आहे: उभ्या अक्षावर डबल क्लिक, `Format Axis`, आणि `Minimum` मध्ये `0` टाइप करायचा.

शून्यापासून काढल्यावर ते चार बार जवळजवळ सारखे दिसतात. बरोबरच आहे, ती विक्री जवळजवळ सारखीच आहे. अशा वेळी बार सोडा आणि एक वाक्य स्क्रीनवर लिहा: 'चार महिन्यांत ३० हजारांनी वाढ'. प्रत्येक गोष्टीचा आलेख करायलाच हवा असं कुणी सांगितलंय?

आता हालचाल. पॉवरपॉइंटमध्ये उभ्या फ्रेमसाठी आधी `Slide Size` मधून स्लाइडचं माप ९ बाय १६ करा. चार्ट निवडून `Animations` मध्ये `Wipe` द्या. `Effect Options` मध्ये `From Bottom` आणि `By Category` निवडा, म्हणजे प्रत्येक वर्षाचा बार वेगळा उगवतो. ॲनिमेशनच्या सेटिंगमध्ये `Start animation by drawing the chart background` अशी एक खूण असते, ती काढून टाका, नाहीतर अक्ष आणि रेघासुद्धा उगवायला लागतात. अक्ष आधीपासून उभा असला पाहिजे. मोजपट्टी आधी, मोजायची वस्तू नंतर.

आफ्टर इफेक्ट्समध्ये करत असाल तर बारच्या लेयरचा अँकर पॉइंट तळाला न्या आणि `Scale` ची फक्त उंची ० ते १०० करा. अँकर मध्यभागी राहिला तर बार वर आणि खाली दोन्हीकडे वाढतो आणि जमिनीच्या खाली घुसतो. नवख्या माणसाचा हा घोळ लांबूनच ओळखू येतो.

आता प्रत्येक बारला किती वेळ द्यायचा? इथे दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, उंच बारला जास्त वेळ द्या, म्हणजे तो 'किती मोठा आहे' हे जाणवेल. मला ते मान्य नाही. बार म्हणजे एक वर्ष. प्रत्येक वर्ष सारखंच लांब असतं, तर प्रत्येक बारला वेळही सारखाच. मी सेकंदाला ३० फ्रेम धरतो: २० फ्रेममध्ये बार उगवतो आणि १० फ्रेम थांबतो. म्हणजे एक वर्ष बरोबर एक सेकंद. ६५ पिक्सेलचा बार २० फ्रेममध्ये सावकाश वर येतो आणि ९३० पिक्सेलचा तेवढ्याच २० फ्रेममध्ये झपकन. हा फरक आपण घातलेला नाही, आकड्यांनी घातला आहे. तो तसाच राहू द्या.

बार उगवताना सुरुवातीला जोर आणि शेवटी हळू, अशी मऊ गती द्यायला माझी हरकत नाही. अर्धवट उगवलेल्या बारला काही अर्थ नसतो, तो कुठल्याही वर्षाचा आकडा नसतो. पण उसळी नको. बऱ्याच टेम्प्लेट्समध्ये बार आपल्या उंचीच्या वर जातो, मग खाली येतो, थरथरतो आणि थांबतो. आपला शेवटचा बार उसळून क्षणभर २०,००० च्या रेघेला लागला, तर प्रेक्षकाने न घडलेला आकडा पाहिला, आणि त्यानंतर 'घसरण'ही पाहिली. तसंच, बारच्या डोक्यावर भराभर फिरणारा आकडाही मी टाळतो. तो फिरत असताना वाचता येत नाही आणि नजर मात्र खेचून घेतो. बार थांबला की आकडा एकदाच उमटू द्या: १८,६०० कोटी. सहावा बार झाल्यावर पूर्ण चित्र तीन सेकंद स्थिर ठेवा. एडिटिंगमध्ये वेळ वाचवायला सगळ्यात आधी हेच तीन सेकंद कापले जातात. खरं तर तुलना करायला प्रेक्षकाला मिळणारा तो एकमेव वेळ असतो.

आता रेष, आणि खरा घोळ

दुसऱ्या शॉटमध्ये रक्कम. यूपीआयवरून फिरलेली रक्कम पहिल्या वर्षी, २०१६-१७ मध्ये, सात हजार कोटींच्या आसपास होती, म्हणजे लाख कोटींच्या मापात जवळजवळ शून्य. पुढे दरवर्षी साधारण १, ९, २१, ४१, ८४, १३९, २०० आणि २०२४-२५ मध्ये २६१ लाख कोटी रुपये. नऊ वर्षं, नऊ बिंदू, आणि त्यांच्यामध्ये आठ अंतरं. आडवं अंतर प्रत्येकी १०० पिक्सेल ठेवू, म्हणजे इथेही ८०० पिक्सेल. उभं माप एका लाख कोटीला तीन पिक्सेल.

ही रेष 'काढत नेण्यासाठी' आफ्टर इफेक्ट्समधला शिकवला जाणारा रस्ता म्हणजे `Trim Paths`. रेषेवर `Trim Paths` लावायचं, `End` ० वरून १०० वर न्यायचं, झालं. दिसायला अगदी सफाईदार. पण `Trim Paths` रेषेची लांबी मोजतं, वर्षं मोजत नाही.

नीट बघू. पहिल्या अंतरात रेष जवळजवळ आडवी आहे, १०० पिक्सेल पुढे आणि फक्त ३ पिक्सेल वर. तिची लांबी १०० पिक्सेल. शेवटच्या अंतरात रेष १०० पिक्सेल पुढे जाते आणि १८३ पिक्सेल वर. तिरकी लांबी होते सुमारे २०९ पिक्सेल. पूर्ण रेषेची लांबी साधारण १,२०० पिक्सेल. ही रेष आठ सेकंदांत काढली, तर `Trim Paths` प्रत्येक पिक्सेलला सारखा वेळ देतं. त्यामुळे पहिलं वर्ष पाऊण सेकंदापेक्षाही कमी वेळात संपतं आणि शेवटचं जवळजवळ एक सेकंद चार दशांश घेतं. म्हणजे शेवटच्या वर्षाला पहिल्याच्या दुप्पट वेळ मिळाला. आठपैकी पहिली पाच अंतरं पहिल्या चार सेकंदांत उरकतात आणि उरलेल्या तीन अंतरांसाठी बाकीचे चार सेकंद लागतात.

याचा परिणाम काय? ठिपका पूर्ण रेषेवर एकाच चालीने चालतो. सुरुवातीच्या सपाट वर्षांतही तीच चाल, शेवटच्या चढावरही तीच. जिथे उडी आहे तिथे उडी जाणवत नाही. उलट वर्षं हळूहळू सरकायला लागल्यासारखी वाटतात. खरी हकीकत अशी आहे की सुरुवातीची दोन-तीन वर्षं काहीच हाललं नाही आणि मग रेष सुटली. ती हकीकत मोशन ग्राफिक्सने पुसून टाकली, आणि तेही अगदी बरोबर आकडे टाकून.

त्यावर अनेकजण `Easy Ease` लावतात, कारण की-फ्रेमवर एफ-नाइन दाबायची सवय झालेली असते. मग सुरुवात हळू, मध्ये जोरात आणि शेवट पुन्हा हळू. म्हणजे २०२४-२५ कडे येता येता रेष दमून थांबते. बघणारा म्हणणार, 'आता यूपीआय थंडावलं वाटतं.' आकडा तसं काहीच सांगत नाही. बारमध्ये मऊ गती चालते आणि रेषेत का चालत नाही, याचं कारण इथे आहे: रेषेवरचा प्रत्येक बिंदू काळातला बिंदू असतो. तिथे गती वाकवली की तुम्ही कॅलेंडर वाकवलं.

बरोबर काय, तर रेषेला लांबीने नाही, आडव्या अक्षाने उघडायचं. एक वर्ष, एक सेकंद, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गंमत बघा, यात साधं पॉवरपॉइंट महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा सरस ठरतं. लाइन चार्टला `Wipe`, `From Left`, `By Series` दिलं, पार्श्वभूमीची तीच खूण काढली आणि `Duration` मध्ये ८ सेकंद टाकले, की पडदा डावीकडून उजवीकडे सारख्या चालीने सरकतो. रेषेची तिरकी लांबी कितीही असो, त्याला फरक पडत नाही. मग `File`, `Export`, `Create a Video`, आणि व्हिडिओ तयार.

आफ्टर इफेक्ट्समध्येही हेच करता येतं. पूर्ण रेष आधीच काढून ठेवा. तिच्यावर एक आयत घ्या, त्याचा अँकर डाव्या कडेला, आणि तो आयत रेषेचा `Track Matte` करा. त्याची फक्त रुंदी ० वरून १०० वर आठ सेकंदांत, की-फ्रेम `Linear`. टोकाचा ठिपका हवा असेल तर त्याच्या `Position` ला नऊ की-फ्रेम द्या, बरोबर एकेका सेकंदावर, प्रत्येक बिंदूवर एक. इथे एक काळजी घ्यायची. सॉफ्टवेअर दोन बिंदूंमधला रस्ता स्वतःहून गोलाकार करतं, मग ठिपका रेष सोडून बाहेरून वळसा घालतो. की-फ्रेमचं `Spatial Interpolation` `Linear` केलं की तो रेषेवर येतो. `Rove Across Time` हा पर्याय दिसला तर हात लावू नका, तो सगळ्यांचा वेग सारखा करून टाकतो, म्हणजे फिरून आपण `Trim Paths` पाशीच.

असं केल्यावर ठिपका पहिल्या सेकंदात १०० पिक्सेल चालतो आणि आठव्या सेकंदात २०९. त्याचा वेग आपोआप वाढतो. कुठलाही इफेक्ट न लावता रेष सुटल्यासारखी वाटते, कारण ती खरंच सुटली होती. हान्स रोसलिंग या स्वीडिश प्राध्यापकाचं २००६ चं टेड भाषण बघितलं नसेल तर जरूर बघा. देशांचे बुडबुडे पडद्यावर फिरतात, मागे मोठ्या अक्षरात वर्षं पुढे सरकतात, आणि रोसलिंग मॅचची कॉमेंट्री केल्यासारखं बोलत जातात. उत्साह सगळा त्यांच्या बोलण्यात आहे.

बार आणि रेष एकाच फ्रेममध्ये?

हा प्रश्न हमखास येतो, कारण बातम्यांत तसं दिसतं. डावीकडे बारचा अक्ष, उजवीकडे रेषेचा, आणि रेष बारच्या डोक्यावरून चढत जाते. भारदस्त दिसतं, पण मी ते करत नाही. उजवा अक्ष ३०० पर्यंत ठेवला तर रेष बारच्या वर-खाली एका जागी बसते, ६०० पर्यंत ठेवला तर बारच्या पोटात जाते. रेष बारला कुठे ओलांडते, हे यूपीआयने नाही, तुमच्या अक्षाने ठरवलेलं असतं. पण प्रेक्षक त्या छेदाकडेच बोट दाखवून विचारतो, 'इथे काय झालं?' काहीच झालेलं नसतं.

शिवाय दोन्ही एकत्र चढताना बघून असं वाटतं की दोन्ही सारखंच चाललंय. रकमेला संख्येने भागून बघा. २०१९-२० मध्ये एका व्यवहाराची सरासरी सुमारे १,७०० रुपये येते आणि २०२४-२५ मध्ये सुमारे १,४००. दोन्ही आलेख वर जातायत आणि त्यांचा भागाकार खाली आलाय, कारण छोटे छोटे व्यवहार जास्त वाढले. चहाचे दहा रुपये, कोथिंबिरीच्या जुडीचे वीस. दुकानदाराच्या कामाची बातमी खरं तर ही आहे, आणि ती दोन चढत्या आकृत्यांच्या मध्ये लपून जाते. म्हणून बारचा शॉट आधी, तो पूर्ण बाजूला करायचा, मग रेषेचा. एकूण वीस सेकंद: बारचे सहा आणि तीन थांबण्याचे, रेषेचे आठ आणि तीन थांबण्याचे.

आवाजाचं एकच सांगतो. याच बारवर दोन वाक्यं बोलता येतात. '२०२४-२५ मध्ये आधीच्या वर्षापेक्षा साडेपाच हजार कोटी व्यवहार वाढले, तोवरची सगळ्यात मोठी भर.' आणि, '२०२१-२२ मध्ये व्यवहार दुपटीहून जास्त झाले होते, २०२४-२५ मध्ये वाढ ४२ टक्क्यांच्या आसपास आली.' दोन्ही शंभर टक्के खरी आहेत. पहिलं वाक्य उंच बारशी जुळतं. दुसरं बोलायचं असेल तर हे बार त्याला मदत करत नाहीत, कारण पडद्यावर उसळी दिसतेय आणि कानावर मंदावणं पडतंय. मग टक्क्यांचे वेगळे बार करा, २०२१-२२ पासून ते उतरते येतील. 'न्यूज स्टाइल' म्हणजे निळी पट्टी आणि ठोके देणारं संगीत नव्हे. जे बोलतोय तेच दिसतंय ना, एवढं तरी बातमीत असायला हवं. फ्रेमच्या तळाशी 'स्रोत: एनपीसीआय, आकडे गोळाबेरीज करून' एवढी ओळ वाचता येईल अशा आकारात ठेवा.

मराठी अक्षरांबद्दल थोडं. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'आर्थिक' लिहिल्यावर वेलांटी आणि रफार भलत्याच जागी गेले, तर फॉन्टला दोष देऊ नका. `Preferences` मध्ये `Type` उघडा आणि टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` करा. नवीन आवृत्तीत नाव वेगळं दिसेल, पण जागा तीच. आणि एकेक अक्षर टाइप होत येणारा इफेक्ट देवनागरीला लावू नका, जोडाक्षरं मध्येच फुटतात. पूर्ण शब्द किंवा पूर्ण ओळ एकदम आणा.

व्हिडिओ एक्स्पोर्ट झाल्यावर पाठवण्याआधी एक तपासणी करा. रेषेचा शॉट सुरू झाल्यापासून बरोबर चौथ्या सेकंदाला पॉज दाबा. ठिपका आडव्या अक्षाच्या बरोबर मध्यावर, २०२०-२१ वर, ४१ लाख कोटींच्या उंचीला असायला हवा. तो २०२१-२२ च्याही पुढे गेलेला दिसला तर कुठेतरी `Trim Paths` राहिलंय. ठिपका बरोबर जागी असेल, तर सहाव्या सेकंदालाही पॉज करून बघा: २०२२-२३, १३९. चौथा बरोबर आणि सहावा पुढे गेलेला असेल, तर ते `Easy Ease` आहे. सगळ्या की-फ्रेम निवडून `Linear` करा आणि पुन्हा एक्स्पोर्टला लावा.